चौघांचे शेरे, एकच प्रत

ऑगस्ट सरला की सहकारी पतसंस्थांच्या कार्यालयांत एकाच फाइलच्या अनेक प्रती फिरू लागतात. वार्षिक सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरच्या आत घ्यायची असते, त्याआधी अहवाल छापून सभासदांच्या हाती पडायला हवा असतो, आणि छपाईआधी तो चार जाणत्या माणसांनी वाचायला हवा असतो. पानं लावणारा माणूस पीडीएफ पाठवतो. ती सचिव, हिशेबनीस, मुद्रितशोधक आणि अध्यक्ष यांच्याकडे जाते आणि काही दिवसांनी चार फाइली परत येतात. प्रत्येकीत पिवळे पट्टे, खोडलेल्या ओळी, समासातल्या चिठ्ठ्या. ज्याला दुरुस्त्या करून घ्यायच्या आहेत, तो चारही फाइली पडद्यावर उघडून एकीतून दुसरीत उड्या मारत बसतो आणि सगळं झाल्यासारखं वाटलं तरी कुणाचा तरी एक शेरा सुटतोच.

या चार फाइलींतले शेरे एकाच प्रतीत आणता येतात, आणि तेही परत टाइप न करता. मूळ फाइल नीट असली तर काम काही मिनिटांचं आहे. ती नीट नसली तर मात्र शेरे भलत्याच ओळींवर जाऊन बसतात. हे दोन्ही का होतं ते समजून घ्यायचं तर पीडीएफमध्ये शेरा नेमका कुठे राहतो, ते आधी पाहायला हवं.

पीडीएफच्या पानावरचा मजकूर आणि त्यावर कुणी केलेली खूण या फाइलच्या आत दोन वेगळ्या जागी साठवलेल्या असतात. छापील पानावर काच ठेवून काचेवर चिठ्ठ्या चिकटवाव्यात, तसं समजा. काच उचलली की पान कोरं. आपण पट्टा ओढतो तेव्हा मजकुराला काहीच होत नाही. 'अमुक पानावर, डावीकडून इतक्या आणि खालून इतक्या अंतरावर, अमक्या माणसाने, हा शेरा' अशी एक नोंद फाइलमध्ये वाढते. अंतर मोजायचं एकक असतं पॉइंट, म्हणजे इंचाचा बहात्तरावा भाग. ए-फोर आकाराचं पान या मापात साधारण ५९५ पॉइंट रुंद आणि ८४२ पॉइंट उंच भरतं.

नोंद वेगळी असल्यामुळे ती फाइलमधून बाहेरही काढता येते. फक्त शेरे असलेली अशी छोटी फाइल एफडीएफ किंवा एक्सएफडीएफ या प्रकारची असते. त्यातला दुसरा प्रकार साध्या मजकुराचा असल्याने नोटपॅडमध्येही उघडून वाचता येतो. आपल्या अहवालातला हिशेबनिसांचा एक शेरा त्यात साधारण असा दिसेल:

```xml
<highlight page="13" rect="310,402,372,416"
  coords="310,416,372,416,310,402,372,402"
  title="हिशेबनीस" name="5f0c2a91">
  <contents>ताळेबंदात १८.२४ कोटी आहे.</contents>
</highlight>
```

यात `page="13"` दिसतं, पण शेरा चौदाव्या पानावरचा आहे. इथली मोजणी शून्यापासून सुरू होते. `title` म्हणजे शेरा मारणाऱ्याचं नाव, आणि `name` ही त्या शेऱ्याची स्वतःची ओळखखूण. आता यात काय नाही ते पाहा. कोणत्या शब्दावर पट्टा ओढला, तो शब्दच यात नाही. फक्त जागा आहे. कधी कधी सॉफ्टवेअर निवडलेला मजकूर शेऱ्याच्या चौकटीत उतरवून ठेवतं, पण पट्टा कुठे बसवायचा हे ठरतं ते या आकड्यांवरूनच. पुढच्या बहुतेक भानगडींचं मूळ इथेच आहे.

आता प्रत्यक्ष काम. सगळ्यांना जी फाइल पाठवली होती तीच, कुणीही हात न लावलेली प्रत घ्यायची आणि तिची एक नक्कल करून 'एकत्रित' असं नाव द्यायचं. ॲडोबीचं ॲक्रोबॅट असेल तर ही नक्कल उघडून शेऱ्यांची पट्टी समोर आणायची, तिच्या वरच्या तीन टिंबांच्या मेनूतून `Import Data File` निवडायचं आणि सचिवांची फाइल दाखवायची. त्यांचे सगळे शेरे नावानिशी आपल्या प्रतीत येतात. मग हिशेबनिसांची फाइल, मग मुद्रितशोधकाची. इथे दाखवायची फाइल पूर्ण पीडीएफ असली तरी चालते आणि नुसती एफडीएफ असली तरी चालते. फॉक्सिट आणि पीडीएफ-एक्सचेंज या सॉफ्टवेअरमध्येही शेरे बाहेर काढण्याची आणि आत घेण्याची सोय असते, फक्त मेनूतली नावं थोडी निराळी.

शेरे पाठवणाऱ्यानेही एक गोष्ट केली तर सोपं जातं. त्याच मेनूतल्या `Export All To Data File` ने फक्त शेऱ्यांची फाइल काढून तेवढीच पाठवायची. संचालक मंडळाचे फोटो असलेला अहवाल तीस-चाळीस एमबीचा असू शकतो, तर शेऱ्यांची फाइल बहुधा काही केबींत मावते. शिवाय ही फाइल पाहून कुणाला 'हीच अंतिम प्रत' असं वाटण्याचा धोका नाही.

पुष्कळ जण इथे चुकीचं बटण दाबतात. 'फाइली एकत्र करायच्या आहेत' म्हटल्यावर डोळ्यांपुढे `Combine Files` येतं, आणि नावावरून तेच हवं असं वाटतं. ते पानांमागे पानं जोडतं. अठ्ठेचाळीस पानी अहवालाच्या चार प्रती त्यातून काढल्या तर एकशे ब्याण्णव पानांचा एक गठ्ठा हाती येतो, आणि चौदावं पान त्यात चार ठिकाणी सापडतं. एका प्रतीचे शेरे दुसरीवर आणणं हे त्याचं कामच नव्हे. इंटरनेटवरच्या 'पीडीएफ मर्ज' म्हणवणाऱ्या सेवांचंही बहुतेक हेच. त्यांच्याबाबत आणखी एक काळजी आहे. सभेपुढे न आलेले आर्थिक आकडे परक्या सर्व्हरवर चढवणं संस्थेच्या हिताचं नाही.

आत घेण्यापूर्वी प्रत्येक प्रतीतल्या शेऱ्यांची संख्या कागदावर लिहून ठेवावी. शेऱ्यांच्या पट्टीवर ती दिसतेच. समजा सचिवांचे २७, हिशेबनिसांचे ४१, मुद्रितशोधकाचे ६३. एकत्रित प्रतीत १३१ दिसायला हवेत. ११९ दिसले तर काहीतरी गळलं. १५८ दिसले तर सचिवांचे २७ दोनदा आलेत, आणि त्याचं कारणही ओळखता येतं: सचिवांनी शेरे मारलेलीच फाइल हिशेबनिसांकडे गेली आणि त्यांनी तिच्यावर आपले शेरे चढवले. मघाशी पाहिलेल्या ओळखखुणेवरून हा तोच शेरा आहे हे सॉफ्टवेअरला कळू शकतं, पण सगळीच सॉफ्टवेअर तेवढी दखल घेत नाहीत. बेरीज कंटाळवाणी वाटते खरी, पण या सगळ्या उद्योगात तिच्याइतकी भरवशाची तपासणी दुसरी नाही.

शेरे गळण्याचं मुख्य कारण म्हणजे ते शेरे उरलेलेच नसतात, नुसतं चित्र उरलेलं असतं. कुणी पट्टे ओढून झाल्यावर 'सेव्ह' करण्याऐवजी 'प्रिंट' करून त्यातून नवी पीडीएफ काढली, तर काच आणि पान एकजीव होतात. कुणी मोबाइलवर पानाचा स्क्रीनशॉट घेऊन त्यावर बोटाने गोल काढून पाठवतं, त्याचंही तेच. डोळ्यांना खूण दिसते, पण सॉफ्टवेअरच्या लेखी तिथे शेरा नाही. ओळखायला सोपं आहे. पट्ट्यावर क्लिक करा. भोवती चौकट उमटली आणि शेऱ्यांच्या यादीत नाव आलं तर शेरा जिवंत आहे. काहीच झालं नाही तर त्या माणसाकडे मूळ सेव्ह केलेली फाइल मागावी, आणि ती नसेल तर ते शेरे हाताने उतरवून घ्यावेत. तिसरा मार्ग नाही.

अध्यक्षांची प्रत बहुधा या तिसऱ्या मार्गाच्या शोधात असलेल्यांची परीक्षा पाहते. ते अहवाल छापून घेतात आणि लाल पेनाने शेरे मारतात. त्यात काही वावगं नाही. कागदावर वाचताना पडद्यापेक्षा जास्त चुका दिसतात, असा माझा तरी अनुभव आहे. पण त्या पानांचं स्कॅन कितीही स्वच्छ केलं तरी त्यातून शेरे 'आत घेता' येत नाहीत. कुणीतरी बसून ते एकत्रित प्रतीत टाइप करायला हवेत, आणि ते करताना शेऱ्याचं नाव बदलायला विसरू नये. नाही तर अध्यक्षांचं मत कारकुनाच्या नावावर जमा होतं, आणि पुढे 'हे कोणी सांगितलं?' या प्रश्नाला उत्तर उरत नाही.

नावाचा घोटाळा एरवीही होतो. ॲक्रोबॅट शेऱ्यावर नाव घालतं ते बहुधा संगणकात लॉगिन केलेल्या नावाचं. कार्यालयातल्या तीन संगणकांवर लॉगिन `Admin` किंवा `user` असलं की तिघांचे शेरे एकाच नावाने येतात आणि एकत्र झाल्यावर कुणाचे कोणते ते सांगता येत नाही. म्हणून वाचायला देतानाच सांगावं: `Preferences` मध्ये `Commenting` खाली लॉगिनचं नाव वापरण्याची जी खूण असते ती काढा, आणि शेऱ्याच्या `Properties` मध्ये आपलं नाव घालून तेच कायम ठेवा. शेरे एकत्र करण्याआधी, प्रत्येक फाइल वेगळी असतानाही नाव दुरुस्त करता येतं. एकदा ते मिसळले की मग फार उशीर झालेला असतो.

मराठी मजकुराची एक खास अडचण आहे. आपल्याकडे पानं अजूनही बऱ्याच ठिकाणी युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये लावली जातात. तशा पीडीएफवर पट्टा ओढायला हरकत नाही, कारण पट्टा जागेवर बसतो, अक्षरावर नाही. पण तोच मजकूर शेऱ्यात उतरवला तर रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा काला दिसतो. कुणी जुन्या फॉन्टच्या कळफलकाने शेराच टाइप केला तर तोही तसाच दिसतो, कारण शेऱ्याच्या चौकटीला तो फॉन्ट ठाऊक नसतो. शेरे युनिकोडमध्येच लिहायचे, हे आधी सांगून टाकावं. त्याचबरोबर पानावर थेट मजकूर टाइप करण्याचं हत्यार वापरू नका, असंही सांगावं. त्या हत्याराने लिहिलेल्या देवनागरीत एका सॉफ्टवेअरमध्ये ऱ्हस्व वेलांटी जागेवर असते, तर दुसऱ्यात ती पुढच्या अक्षराला चिकटलेली किंवा जोडाक्षर फुटलेलं दिसू शकतं. चिठ्ठी किंवा पट्टा वापरला की ही कटकट बरीच कमी होते.

आता भलत्या ओळीवर बसणाऱ्या शेऱ्यांकडे येतो. समजा पहिली पीडीएफ सोमवारी गेली. बुधवारी पानं लावणाऱ्याने तिसऱ्या पानावर एक राहिलेलं निवेदन घातलं, मजकूर पुढे सरकला, आणि नवी पीडीएफ मुद्रितशोधकाला गेली. सचिव आणि हिशेबनीस मात्र सोमवारचीच प्रत वाचत आहेत. दोन्हींचं नाव कदाचित एकच आहे. आता सगळ्यांचे शेरे बुधवारच्या प्रतीत घेतले की हिशेबनिसांचा चौदाव्या पानावरचा पट्टा आपल्या जागी, म्हणजे डावीकडून ३१० आणि खालून ४०२ पॉइंटांवर, इमानेइतबारे बसतो. फक्त तिथे आता ठेवींचा आकडा नाही, शाखेच्या नव्या फर्निचरचा उल्लेख आहे. आणि 'ताळेबंदात १८.२४ कोटी आहे' हा शेरा फर्निचरला लागतो.

प्रत वेगळी असल्याची शंका आली तर ॲक्रोबॅट सूचना देतं आणि तरीही शेरे बसवायचे का, असं विचारतं. घाईत आपण 'हो' म्हणतो. ती सूचना आली की थांबावं. सूचना आली नाही तरी प्रत्येक फाइलमधले दोन-तीन पट्टे निवडून पाहावेत: सुरुवातीचा एक, मधला एक, शेवटचा एक. पट्ट्याखालचा मजकूर आणि शेऱ्यातलं म्हणणं जुळतं का? सुरुवातीचा जुळला आणि शेवटचा नाही, तर मध्ये कुठेतरी मजकूर सरकलाय. सगळेच एका पानाने पुढे-मागे असतील तर कुणीतरी आपल्या प्रतीत एखादं पान घातलं किंवा काढलं आहे.

यावर उपाय एकच: जो माणूस जी प्रत वाचला, त्याचे शेरे त्याच प्रतीवर घ्यायचे. वरच्या उदाहरणात सोमवारच्या प्रतीवर सचिव आणि हिशेबनीस एकत्र करावेत. मुद्रितशोधकाची बुधवारची प्रत वेगळी ठेवून त्याचे शेरे एकेक पाहत उतरवावेत. कंटाळवाणं आहे, पण त्रेसष्ट शेऱ्यांचं काम तासा-दोन तासांत उरकतं. भलत्या ओळीवर बसलेले शेरे शोधून हलवण्यात यापेक्षा जास्त वेळ जातो, आणि सगळे सापडले याची खात्री कधीच नसते. खरं तर पाठवलेल्या प्रतीच्या नावातच तारीख आणि 'वाचनासाठी' हे शब्द घालावेत, आणि सगळ्यांचे शेरे येईपर्यंत पानं लावणाऱ्याने नवी पीडीएफ कुणालाही पाठवू नये, हेच सगळ्यांत स्वस्त.

यापेक्षाही घातक आणि न दिसणारी एक गोष्ट आहे. एखादा उत्साही वाचक शेरा न मारता पीडीएफमधला मजकूरच दुरुस्त करतो. त्याच्याकडे संपादनाची सोय असते, आकडा चुकलेला दिसतो, तो सरळ बदलतो. हा बदल शेरा नसल्यामुळे एकत्रित प्रतीत येत नाही, यादीत दिसत नाही, बेरजेतही सापडत नाही. आणि तो माणूस मात्र 'मी दुरुस्त करून दिलं होतं' असं निष्ठेने सांगत राहतो. अशी शंका आली तर ॲक्रोबॅटच्या `Compare Files` ने मूळ प्रत आणि त्याची प्रत ताडून पाहावी.

शेरे एका प्रतीत आले म्हणजे दुरुस्त्या झाल्या असं नाही. आपलं चौदावं पान पाहा. वाक्य आहे: 'अहवाल वर्षाअखेर ठेवी १८.४२ कोटी रुपये झाल्या.' हिशेबनीस म्हणतात, आकडा १८.२४ आहे, टाइप करताना अंक उलटले. सचिव म्हणतात, शेजारी गेल्या वर्षीचाही आकडा द्या. मुद्रितशोधकाने अख्खं वाक्य खोडलं आहे, कारण तेच वाक्य सहाव्या पानावर आहे. अध्यक्षांनी लाल पेनाने लिहिलं आहे, 'हे ठळक टाइपात घ्या.' चार माणसं, एक ओळ, चार दिशा.

पानावर पाहिलं तर इथे फक्त एक गडद पिवळा पट्टा दिसतो. एकावर एक पडलेल्या खुणांपैकी वरचीच हाती लागते. म्हणून एकत्रित प्रत पानांवरून नव्हे, शेऱ्यांच्या यादीवरून वाचावी आणि यादी पानांच्या क्रमाने लावावी. वाचायला देतानाच प्रत्येकाला वेगळा रंग ठरवून दिला तर आणखी बरं.

चौघांचे शेरे शेजारी आले की एकट्या प्रतीत न दिसणारी गोष्ट दिसते. हिशेबनिसांनी चौदाव्या पानावरचा आकडा सुधारला, पण सहाव्या पानाकडे त्यांचं लक्ष गेलं नव्हतं. मुद्रितशोधकाला आकड्याशी देणंघेणं नव्हतं, त्याला फक्त पुनरुक्ती खटकली होती. दोघांचं एकत्र वाचल्यावर कळतं की सहाव्या पानावरही १८.४२ छापलेलं आहे आणि तेही चूक आहे. मुद्रितशोधकाचं ऐकून चौदाव्यावरचं वाक्य तसंच उडवलं असतं, तर चुकीचा आकडा सहाव्या पानावर शाबूत राहिला असता.

निर्णय एकाच माणसाने घ्यावा आणि तो एकत्रित प्रतीतच नोंदवावा. प्रत्येक शेऱ्याला `Accepted`, `Rejected` अशी स्थिती देता येते, त्याखाली उत्तर लिहिता येतं. आपल्या उदाहरणात हिशेबनिसांचा शेरा स्वीकारला. उत्तर: 'पान ६ वरही बदला.' मुद्रितशोधकाचा स्वीकारला. वाक्य सहाव्यावर राहील, चौदाव्यावरून जाईल. सचिवांचा स्वीकारला, पण आकडा सहाव्या पानावर द्यायचा. अध्यक्षांचा ठळक टाइपही तिथेच. मग पानं लावणाऱ्याला पाहायचे असतात ते फक्त स्वीकारलेले शेरे. यादी गाळून बाकीचे लपवता येतात.

पानं कशात लावली आहेत यावर पुढचं अवलंबून आहे. इनडिझाइनच्या २०१९ च्या आवृत्तीपासून पीडीएफमधले शेरे थेट मूळ मांडणीत आणण्याची सोय आहे, पण पीडीएफसुद्धा त्याच किंवा नंतरच्या आवृत्तीतून काढलेली असावी लागते. छापखान्यातला माणूस पेजमेकर किंवा कोरलवर काम करत असेल तर अशी सोय धरून चालू नये. त्याच्यासाठी `Create Comment Summary` वापरून पान आणि त्याचे शेरे रेषांनी जोडलेली छापील प्रत काढून द्यावी. तो एकेक दुरुस्ती करून त्यावर टिकमार्क करत जाईल, जसा नेहमी करतो.

कुणी म्हणेल, एवढा खटाटोप कशाला? एक दुवा पाठवा, सगळे एकाच प्रतीवर शेरे मारतील. अशी सोय आहेच, आणि घाईच्या कामाला ती उत्तम. आकड्यांच्या कामात मात्र मला वेगळ्या प्रती आवडतात. अध्यक्षांचा शेरा आधीच दिसला की त्या ओळीवर वेगळं बोलायला इतर कचरतात. हिशेबनिसांनी पान तपासलंय असं दिसलं की दुसरा ते वाचतच नाही. प्रत्येकाने एकट्याने वाचलेलं मग एकत्र आणावं, त्यासाठी वर सांगितलेला त्रास परवडतो.

छपाईची आणि संस्थेच्या संकेतस्थळावर टाकायची फाइल या एकत्रित प्रतीतून काढू नये. शेरे पट्टीवरून लपवले तरी ते फाइलमध्ये असतात. दुसऱ्याच्या संगणकावर ते पुन्हा उघडे पडतात, आणि 'हा आकडा सभासद विचारतील, सांभाळून लिहा' हा सचिवांचा शेरा एखादा सभासद सभेच्या आदल्या रात्री वाचू शकतो. अंतिम पीडीएफ मांडणीच्या मूळ फाइलमधून नव्याने काढायची, ती उघडून शेऱ्यांच्या यादीत शून्य दिसतं का ते पाहायचं, आणि एकत्रित प्रत पुढच्या वर्षीसाठी हिशेबनिसांच्या कपाटात नव्हे, संगणकात तारखेनिशी ठेवायची.